अधीक्षकांना पाठवलेला अर्ज त्याच ठाण्यात परत का येतो?

पोलीस ठाण्यात गंभीर गुन्ह्याची फिर्याद घेतली नाही, तर कायद्याने एक वाट ठेवली आहे. फिर्यादीचा मजकूर लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४(३) मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीच तरतूद कलम १७३(४) म्हणून आली. आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अर्ज सहसा आयुक्तांच्या किंवा परिमंडळाच्या उपायुक्तांच्या नावाने जातो.

ही वाट आज बहुतेकांसाठी बंद आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एसपी ऑफिसला गेलेला अर्ज आवक होतो, अर्ज शाखेत जातो आणि तिथून 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार होती त्याच ठाण्यात परत येतो. ज्या अधिकाऱ्याने फिर्याद नाकारली, तोच आता नकार बरोबर होता की नाही याचा अहवाल लिहितो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, अर्जदाराला एक ओळ कळते: 'आपल्या अर्जात तथ्य आढळून न आल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.' कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. कायद्यात काय लिहिलं आहे ते आधी नीट पाहू, कारण हा सगळा वाद त्या एका पोटकलमाच्या वाचनावर उभा आहे.

पोटकलम म्हणतं की ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने माहिती नोंदवायला नकार दिल्यामुळे व्यथित झालेली व्यक्ती त्या माहितीचा सारांश लेखी आणि टपालाने अधीक्षकांना पाठवू शकते. त्या मजकुरातून दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा गुन्हा, घडल्याचं दिसतं, अशी अधीक्षकांची खात्री झाली, की त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरतात. स्वतः तपास करायचा, किंवा हाताखालच्या एखाद्या अधिकाऱ्याला तपासाचा आदेश द्यायचा. त्या अधिकाऱ्याला त्या गुन्ह्यापुरते ठाणे प्रभारीचे सर्व अधिकार मिळतात. म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकारी असोत, स्थानिक गुन्हे शाखा असो की शेजारच्या ठाण्याचा निरीक्षक असो, कुणालाही हे काम देता येतं, आणि 'माझी हद्द नाही' असं म्हणायची सोय त्याला उरत नाही. 'अर्जाची चौकशी' हा तिसरा पर्याय पोटकलमात नाही. तो कार्यालयीन वहिवाटीतून आला आणि कायद्याच्या जागी बसला.

अधीक्षकांसमोरचा प्रश्नही कायद्याने मुद्दाम अरुंद ठेवला आहे. फिर्यादी खरं बोलतोय का, आरोपीची बाजू काय, जुना वाद आहे का, यातलं काहीही त्या टप्प्यावर ठरवायचं नसतं. मजकूर जसा आहे तसा खरा धरला तर त्यात दखलपात्र गुन्हा दिसतो का, एवढंच पाहायचं. ललिताकुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी हेच सांगितलं: माहितीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, आणि माहिती विश्वसनीय आहे की नाही ही नोंदणीची अट नाही. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा, भ्रष्टाचार, किंवा फिर्यादीला फार उशीर झालेली प्रकरणं, अशा मोजक्या प्रकारांत प्राथमिक चौकशीला मुभा दिली. तीही दखलपात्र गुन्हा दिसतो का एवढंच बघण्यासाठी.

त्या खटल्याची हकिकत इथे आठवायलाच हवी. गाझियाबादजवळच्या लोनीमधली एक लहान मुलगी नाहीशी झाली. वडिलांनी मे २००८ मध्ये ठाण्यात लेखी तक्रार दिली, पण ठाण्याने काही केलं नाही. ते अधीक्षकांकडे गेले, तेव्हा कुठे एफआयआर झाला. त्यानंतरही मुलीच्या शोधासाठी पावलं उचलली जात नाहीत म्हणून वडिलांना थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. देशातला एफआयआरविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निकाल जन्मला तो अधीक्षकांकडच्या याच वाटेवरून. ही वाट चालली तर काय मिळतं आणि चालूनही काय मिळत नाही, हे दोन्ही त्यात दिसतं.

ठाणं फिर्याद का नाकारतं? दरवेळी पैसा किंवा पुढाऱ्याचा फोन हे कारण नसतं. ते असतातच, पण त्याहून साधं कारण म्हणजे आकडा. नोंदवलेला प्रत्येक गंभीर गुन्हा ठाण्याच्या महिन्याच्या आकडेवारीत चढतो, आणि गुन्हे आढावा बैठकीत त्याच आकड्याबद्दल निरीक्षकाला जाब द्यावा लागतो. त्यामुळे फिर्याद सरळ नाकारण्यापेक्षा हलकी करण्याकडे कल असतो. चोरी झालेला मोबाईल 'गहाळ' म्हणून नोंदतात. फसवणूक असेल तर 'बाब दिवाणी स्वरूपाची' ठरते. आणि मारहाण असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद. ही एनसी हाच नकाराचा सर्वांत सभ्य आणि सर्वांत घातक प्रकार आहे, कारण फिर्यादी हातात कागद घेऊन घरी जातो आणि आपली केस झाली असं समजतो. प्रत्यक्षात एनसीचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करूच शकत नाहीत. त्या कागदावर तळाशी लिहिलेलं असतं, 'न्यायालयात दाद मागावी अशी समज देण्यात आली.'

एक उदाहरण घेतो. ते रचलेलं आहे, पण तालुक्याच्या न्यायालयात बसणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल. दोन भावकींमध्ये सामाईक बांधावरून जुना वाद. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एकाने दुसऱ्याच्या डाव्या हातावर लोखंडी गज मारला. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघाला, मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं, केस पेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलीस प्रकरण असल्याचा, शिक्का पडला. रात्री ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराने लिहून घेतलं: 'बांधाच्या कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' गज गेला, हाड गेलं, उरल्या हाताबुक्क्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली साधी दुखापत, अदखलपात्र, कमाल शिक्षा एक वर्ष.

आता तोच प्रसंग जसा घडला तसा वाचा. हाड मोडणं ही कलम ११६ च्या व्याख्येनुसार जबर दुखापत आहे. ती लोखंडी गजासारख्या हत्याराने केली, तर कलम ११८(२) लागतं. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, किमान एक वर्ष कैद आणि वरची मर्यादा जन्मठेपेपर्यंत. एका शब्दाच्या फरकाने प्रकरण एका वर्षाच्या अदखलपात्र गुन्ह्यावरून इथवर येतं. आणि म्हणून ठाण्यातून निघण्याआधी एनसीचा मजकूर वाचणं, गज आणि एक्स-रे त्यात आहेत का ते पाहणं, हे पुढच्या सगळ्या लढाईपेक्षा सोपं काम आहे. पण मोडलेला हात गळ्यात बांधलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता ते सुचत नाही, आणि ते सुचावं अशी अपेक्षा करणंही योग्य नाही.

मग तो माणूस अधीक्षकांना अर्ज लिहितो, किंवा कुणाकडून तरी लिहून घेतो. तो अर्ज सहसा असा असतो: 'मी एक गरीब शेतकरी असून माझ्यावर फार मोठा अन्याय झाला आहे. पोलिसांनी समोरच्या पार्टीशी हातमिळवणी करून माझी तक्रार घेतली नाही. मला उद्धट वागणूक दिली. तरी मेहेरबान साहेबांनी संबंधितांवर कडक कारवाई करून मला न्याय मिळवून द्यावा, अन्यथा मी आपल्या कार्यालयासमोर उपोषणास बसेन.' यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. पण या अर्जात गुन्हाच नाही. तो वाचणाऱ्या लिपिकाला त्यात पोलिसाच्या वागणुकीबद्दलची तक्रार दिसते, आणि वागणुकीच्या तक्रारीची खातेनिहाय चौकशी लागते. म्हणून ती चौकशीला जाते. अर्जाचं रूपच त्याला चुकीच्या टेबलावर पाठवतं.

कलम १७३(४) खालचा अर्ज ही विनंती नाही आणि गाऱ्हाणंही नाही. ठाण्यात जी माहिती द्यायची होती, तीच माहिती दुसऱ्यांदा, वरच्या अधिकाऱ्याला दिली जाते. तिचा गाभा गुन्ह्याचा मजकूर हा असतो. आमच्या उदाहरणातला अर्ज असा लिहायला हवा:

'विषय: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३(४) अन्वये दखलपात्र गुन्ह्याची माहिती.

मी खाली सही करणार, राहणार अमुक, वय अमुक. दिनांक अमुक रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी गट नंबर अमुक मधील माझ्या शेतात बांधाजवळ उभा असताना अमुक हा तेथे आला. बांध कोरण्याच्या कारणावरून त्याने मला शिवीगाळ केली व हातातील लोखंडी गजाने माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर मारले. मी खाली पडलो. शेजारच्या शेतातील अमुक व अमुक यांनी हे पाहिले. त्याच दिवशी रात्री आठ वाजता ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली. एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे दिसून आले. केस पेपर व एक्स-रे अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

मी त्याच रात्री साडेदहा वाजता अमुक पोलीस ठाण्यात जाऊन वरील माहिती दिली. तेथे एनसी क्रमांक अमुक नोंदवण्यात आली. तीत लोखंडी गजाचा व हाड मोडल्याचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी मी लेखी फिर्याद दिली, ती स्वीकारण्यास नकार देण्यात आला. म्हणून ती ठाण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली; पावती सोबत जोडली आहे.

वरील माहितीवरून दखलपात्र गुन्हा नोंदवून तपासाचा आदेश व्हावा आणि तपास सदर ठाण्याव्यतिरिक्त अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावा. झालेल्या आदेशाची प्रत मला मिळावी.'

एवढंच. एका पानाचा अर्ज. पोलिसांच्या वागणुकीबद्दल काही म्हणायचं असेल तर त्याचा वेगळा अर्ज करावा, या कागदात त्याला जागा नाही. कलमं नेमकी लिहिता आली नाहीत तरी बिघडत नाही. कलम लावणं पोलिसांचं काम आहे, घटना सांगणं फिर्यादीचं.

इथे एका वाईट सवयीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. गुन्हा 'मजबूत' करण्यासाठी मजकुरात भर घालण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. गळ्यातली पोत हिसकावली, खिशातले पाच हजार काढून घेतले, पत्नीचा हात धरला. जे घडलं नाही ते असं चिकटवलं जातं, कारण तेवढ्याने केस दखलपात्र होते म्हणे. आमच्या उदाहरणात याची गरजच नव्हती. मोडलेलं हाड पुरेसं होतं. पण ही भर पडली की खरा मजकूर खोट्याच्या सावलीत जातो. हा कागद पुढे खटल्यात उभा राहतो. उलटतपासणीत बचावाचा वकील पहिल्या रात्रीचं बोलणं, दवाखान्यातली हकिकत आणि अधीक्षकांना पाठवलेला अर्ज शेजारी शेजारी ठेवतो. दवाखान्याच्या कागदावर पोतीचा उल्लेख नाही आणि अर्जात आहे, एवढ्यावर गजाचा फटकाही संशयास्पद ठरतो. शिवाय खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. खऱ्या जखमेवर लढणाऱ्या माणसाला या सल्ल्याने जितकं नागवलंय, तितकं ठाण्याच्या नकारानेही क्वचितच नागवलं असेल.

नकार सिद्ध कसा करायचा, हा दुसरा कळीचा प्रश्न. नकार नेहमी तोंडी असतो. 'उद्या या', 'साहेब बंदोबस्तात आहेत', 'आधी मेडिकल आणा' असं म्हणून वेळ काढतात आणि तीन महिन्यांनी 'अर्जदार ठाण्यात आलेच नाहीत' असं अहवालात येतं. म्हणून लेखी फिर्याद द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागायची. पोच मिळाली नाही तर तीच प्रत त्याच दिवशी टपालाने ठाण्याला पाठवायची. ११२ वर केलेल्या फोनची नोंद राहते, तिची तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. ठाण्यात गेल्याची वेळ अर्जात नेमकी द्यावी, यालाही कारण आहे. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपायला सांगितलं आहे. साडेदहाला मी तिथे होतो हे दाखवणारा पुरावा ठाण्याच्याच भिंतीवर असतो. तो मागायचा तर वेळ सांगता आली पाहिजे.

आणि टपाल. अर्ज एसपी ऑफिसला स्वतः नेऊन आवक शिक्का घेतला, तरी तो टपालानेही पाठवावा, कारण पोटकलमात टपाल हा शब्द आहे आणि पुढे कुणी त्यावर बोट ठेवू नये. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा आता स्पीड पोस्टच करायचं, पोचेची सुविधा मागून घ्यायची आणि पोहोचल्याची नोंद लगेच छापून ठेवायची. हा सगळा खटाटोप एका पुढच्या दारासाठी असतो. ते दार म्हणजे दंडाधिकारी.

इथेच माझा मुख्य आक्षेप येतो. प्रियंका श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागण्याआधी ठाणं आणि अधीक्षक या दोन्ही पायऱ्या चढल्याचं दाखवा, कागद जोडा आणि शपथपत्र द्या. न्यायालयाचा हेतू समजण्यासारखा होता. कर्ज बुडवणारी माणसं बँक अधिकाऱ्यांना छळण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याच्या तरतुदीचा वापर करत होती. नव्या संहितेने हेच कायद्यात लिहून टाकलं. कलम १७५(३) नुसार दंडाधिकारी शपथपत्रासह आलेला अर्ज पाहतील, गरज वाटली तर स्वतः चौकशी करतील, पोलिसांचं म्हणणं विचारात घेतील आणि मग आदेश देतील. महाराष्ट्रातूनच गेलेल्या ओमप्रकाश अंबाडकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे बदल उलगडून सांगितले: अधीक्षकांकडे जाणं आता सक्तीचं आहे.

पायरी सक्तीची केली, पण त्या पायरीवर किती काळ थांबायचं हे कायद्याने सांगितलं नाही. अधीक्षकांनी अमुक दिवसांत निर्णय घ्यावा, असं कलम १७३(४) मध्ये एक अक्षरही नाही. याच कलमाच्या आधीच्या पोटकलमात, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची प्राथमिक चौकशी करायची झाली तर ती उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत करायची, अशी मुदत आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना मुदत घालणं माहीत होतं. पोलिसांना हवी असलेली चौकशी मुदतीत बांधली आणि नागरिकाला हवा असलेला निर्णय मोकळा सोडला. 'तसं न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येईल' असं पोटकलम म्हणतं. पण 'तसं न होणं' नेमकं कधी घडतं? आठ दिवसांनी, महिन्याने, की अर्ज दप्तरी दाखल झाल्याचं पत्र येईल तेव्हा? आज याचं उत्तर ज्या त्या न्यायालयाच्या समजुतीवर अवलंबून आहे, आणि घाईने गेलेल्या अर्जदाराला 'अधीक्षकांकडे चौकशी प्रलंबित आहे' हे पोलिसांचं एक वाक्य परत पाठवायला पुरतं.

या मधल्या काळात काय होतं ते पाहा. बांधावरचा गज धुतला जातो किंवा भंगारात जातो. रस्त्यावरच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. साक्षीदार दोन्ही भावकींचे नातेवाईक असतात; पहिल्या आठवड्यात बोलणारा माणूस दुसऱ्या महिन्यात 'मी लांब होतो' म्हणतो. मारामारीत हे एवढं, तर बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या प्रकरणात काय होत असेल? बलात्कार, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांत माहिती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ ने सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावास सांगितला आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीने एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही असं स्पष्ट केलं आहे. अशा प्रकरणांत अधीक्षकांच्या अर्जात ही कलमं जरूर लिहावीत; त्यांचा परिणाम होतो. पण मोडलेल्या हाताला, लुटलेल्या घराला, फसवणुकीत गेलेल्या आयुष्यभराच्या पुंजीला असं कवच नाही. तिथे सगळी भिस्त त्या एका अर्जावर असते.

यावर पोलीस अधिकाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. एका जिल्ह्यात पंचवीस-तीस ठाणी असतात. रोज अर्जांचा ढीग येतो, त्यातले बरेच खरोखरच दिवाणी असतात, काही सूडापोटी केलेले असतात. प्रत्येकावर एफआयआर केला तर निर्दोष माणसाच्या गळ्यात गुन्हा अडकेल, नोकरी जाईल, पासपोर्ट अडेल. अधीक्षक प्रत्येक अर्ज स्वतः वाचू शकत नाहीत.

यातली निर्दोष माणसाची काळजी खरी आहे, पण तिचं उत्तर नोंदणी रोखण्यात नाही. एफआयआर म्हणजे अटक नव्हे. अटक कधी करायची यावर वेगळे निर्बंध आहेत. तपासात काही निघालं नाही तर पोलीस तसा अंतिम अहवाल न्यायालयात देतात आणि न्यायालय तो पाहतं. अर्ज दप्तरी दाखल होतो तेव्हा मात्र कुणीच पाहत नाही. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंदवलेला खोटा गुन्हा न्यायाधीशासमोर जाऊन संपतो, न नोंदवलेला खरा गुन्हा कपाटात संपतो. आणि ढिगाऱ्याबद्दल सांगायचं, तर अर्जात दखलपात्र गुन्हा दिसतो का हे ठरवायला ठाण्याचा अहवाल लागत नाही. अर्ज वाचावा लागतो. एक पान, एक एक्स-रे. हे काम अधीक्षक कार्यालयातला कायदा जाणणारा एखादा उपअधीक्षक रोज सकाळी तासाभरात करू शकतो, आणि दिवाणी अर्ज त्याच बैठकीत कारण लिहून बाजूला काढू शकतो. अर्ज ठाण्याला पाठवून अहवाल, स्मरणपत्र, पुन्हा अहवाल या फेऱ्यांत याहून कितीतरी जास्त मनुष्यबळ आज खर्ची पडतं.

मागणी म्हणूनच तीन गोष्टींची आहे. कलम १७३(४) खालच्या अर्जाची वेगळी नोंदवही असावी, म्हणजे तो वागणुकीच्या आणि किरकोळ गाऱ्हाण्यांच्या अर्जांत मिसळणार नाही. ज्या ठाण्याने नकार दिला त्या ठाण्याकडे तो अर्ज कोणत्याही कारणाने जाऊ नये. कागद मागवायचे तर मागवावेत, मत मागवू नये. आणि सात दिवसांत लेखी निर्णय व्हावा: तपासाचा आदेश, किंवा दखलपात्र गुन्हा का दिसत नाही याचं कारण. सात दिवसांत काहीच झालं नाही, तर तो नकार समजून दंडाधिकाऱ्यांनी अर्ज ऐकावा.

शेवटच्या भागासाठी संसदेला पोटकलमात एक वाक्य घालावं लागेल, किंवा उच्च न्यायालयाने एखाद्या प्रकरणात तसा अर्थ लावावा लागेल. बाकीच्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. नोंदवही, ठाण्याला अर्ज परत न पाठवणं आणि कारणासह उत्तर हे सगळं पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने उद्यापासून सुरू होऊ शकतं, आणि आयुक्तालयांनाही ते तसंच लागू करता येईल. त्या परिपत्रकात एक बारीक सूचना मात्र सुटायला नको: निर्णयाची सही केलेली प्रत अर्जदाराला टपालाने गेली पाहिजे, फोनवरून सांगून भागणार नाही. कारण दंडाधिकाऱ्यांसमोर शपथपत्राला जोडायला त्या माणसाला लागणारा कागद तोच आहे.